गॅपनंतरचं कव्हर लेटर: ४९९ रुपयांचा फॉरमॅट, सात महिन्यांचा वापर

करिअर ब्रेकनंतर परत नोकरी शोधणाऱ्या बायकांसाठी म्हणून विकला जाणारा कव्हर लेटरचा तयार फॉरमॅट जुलै २०२५ मध्ये ४९९ रुपयांना घेतला आणि जानेवारी २०२६ पर्यंत वापरला. अर्ज अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागांसाठी होते, मुख्यतः भोसरी आणि चाकणच्या ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये. आधीचा अनुभव सात वर्षांचा, जून २०२० पर्यंतचा. त्यानंतर सासऱ्यांचं आजारपण आणि लहान मूल, म्हणून पाच वर्षं घरी. पत्र इंग्रजीतच जातं, पण वाक्यांचा अर्थ इथे मराठीत देते.

फॉन्ट, समास, मांडणी याबद्दल तक्रार नाही. ते सगळं वर्डमध्ये फुकटही मिळतं. पैसे दिले ते एकाच गोष्टीसाठी, पाच वर्षांची गॅप कशी लिहायची यासाठी. आणि तोच परिच्छेद या फॉरमॅटमध्ये सगळ्यात वाईट आहे.

मूळ परिच्छेद साधारण नव्वद शब्दांचा आहे आणि तो पत्राच्या अगदी सुरुवातीला येतो. त्याचा सारांश असा: कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे मला काही काळ कामापासून दूर राहावं लागलं, त्या काळात मी संयम आणि वेळेचं नियोजन शिकले, आता मी पूर्ण उत्साहाने परत येण्यास तयार आहे, कृपया संधी द्यावी. हे वाचून समोरच्याला तीन गोष्टी कळत नाहीत: नेमका किती काळ, कारण काय, आणि ते कारण आता संपलं आहे का. उलट 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा शब्द इतका मोघम आहे की त्यामागे काय असेल याचा अंदाज बांधण्याचं काम एचआरवर येतं. घर सांभाळताना वेळेचं नियोजन शिकले हे खरं असलं, तरी अकाउंट्सच्या माणसाला त्यातून बँक रिकन्सिलिएशन जमतं की नाही हे समजत नाही.

त्या जागी शेवटी जे टिकलं ते एकच वाक्य आहे: 'जून २०२० ते जून २०२५ या काळात घरातल्या आजारी ज्येष्ठांची आणि लहान मुलाची देखभाल करण्यासाठी मी नोकरीपासून दूर होते, आता ती व्यवस्था लागली असून मी पूर्ण वेळ, ऑफिसमध्ये येऊन काम करू शकते.' यात महिन्यासकट तारखा आहेत, कारण थोडक्यात आहे आणि सद्यस्थिती आहे. सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटचा. समोरचा न विचारलेला प्रश्न मनात धरून वाचतो: दोन महिन्यांनी पुन्हा सोडून जाणार नाहीत ना? त्याचं उत्तर अर्ध्या वाक्यात देता येतं. मुलाचं वय, शाळेचं नाव, सासऱ्यांच्या आजाराचं नाव यातलं काहीही लिहू नये. एक तपशील दिला की मुलाखतीत त्यावर दहा प्रश्न येतात आणि कामाचं बोलणं बाजूला पडतं.

हे वाक्य कुठे ठेवायचं, याबद्दल माझं मत मध्येच बदललं. पहिले दोन महिने ते पत्राच्या शेवटी, 'आपली विश्वासू'च्या आधी ठेवलं. आधी काम दाखवावं, मग गॅप सांगावी, असा विचार होता. तो चुकीचा निघाला. सोबतच्या बायोडेटात २०१३ ते २०२० अशा तारखा उघड दिसतात. वाचणारा तिथे अडखळून पत्रात कारण शोधतो, आणि ते सापडेपर्यंत मधला मजकूर नुसता चाळतो. शिवाय शेवटचं वाक्य लक्षात राहतं, आणि ते गॅपचं असावं असं कुणालाच नको असेल. आता ते दुसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य आहे. पहिल्या परिच्छेदात फक्त कोणत्या जागेसाठी अर्ज आहे आणि आधी कोणतं काम किती वर्षं केलं एवढंच. पत्र ४८० शब्दांवरून २१० वर आलं, ते बरंच झालं.

आता दुसरी मोठी चूक, जी फॉरमॅट विकणाऱ्याच्या लक्षातच आलेली नाही. कौशल्यांच्या परिच्छेदात त्यांनी तयार शब्द भरून ठेवले आहेत: टॅली ईआरपी ९ आणि जीएसटीआर-२एशी खरेदीची जुळवणी. हे लिहिलं की गॅपचं वाक्य कितीही चांगलं असो, पाच वर्षांचं अंतर तिथेच उघडं पडतं. टॅली ईआरपी ९ च्या जागी नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं. खरेदीची जुळवणी आता २ए ऐवजी ज्याच्याशी करतात ते जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी अपलोड केलेल्या बिलांचं दर महिन्याचं पत्रक, ऑगस्ट २०२० मध्ये आलं, म्हणजे जूनमध्ये काम सोडलेल्या बाईने ते कधी पाहिलेलंच नसतं. आणि हा नुसता फॉर्मच्या नावाचा फरक नाही. २०२० च्या सुरुवातीला पुरवठादाराने बिल अपलोड केलं नसलं तरी खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या जुळलेल्या क्रेडिटच्या दहा टक्क्यांपर्यंत जादा क्रेडिट घेता येत होतं. १ जानेवारी २०२२ पासून जे २बी मध्ये दिसतं तेवढंच मिळतं. त्यामुळे पुरवठादाराच्या मागे लागणं हे आता खातं सांभाळणाऱ्याचं दर महिन्याचं काम झालं आहे. चाकणच्या कारखान्यात शंभर छोटे पुरवठादार असतील तर दिवस त्यातच जातो.

म्हणून माझ्या मते गॅपनंतरच्या पत्रात खरी जागा द्यायची ती 'या पाच वर्षांत काय बदललं आणि त्यातलं मी काय करून पाहिलं' या परिच्छेदाला. ई-इनव्हॉइस, म्हणजे विक्रीचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेणं, ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पाच कोटींपर्यंत खाली आलं, म्हणजे आता मध्यम कारखानेही त्यात येतात. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असं सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा माग राहतो आणि तो बंद करता येत नाही; पूर्वीसारखी जुन्या तारखेची एन्ट्री गुपचूप दुरुस्त करण्याची सवय असेल तर ती अंगलट येते. ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी पोर्टलवर इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे आयएमएस, आहे; तिथे पुरवठादाराचं बिल स्वीकारता, नाकारता किंवा पेंडिंग ठेवता येतं. हे सगळं पत्रात कोंबायचं नाही. जागेच्या जाहिरातीत जे असेल त्यातली दोन निवडायची.

पण लिहिताना क्रियापद सांभाळावं लागतं. 'अनुभव आहे' असं लिहिलं आणि मुलाखतीत विचारलं की आयएमएसमध्ये पेंडिंग ठेवलेलं बिल २बी मध्ये येतं का, तर तिथे गडबड होते. (पेंडिंग ठेवलेलं बिल त्या महिन्याच्या २बी मध्ये येत नाही. काहीच न केलेलं बिल मात्र स्वीकारलं असं धरलं जातं. हा फरक माहीत असणारा माणूस चटकन ओळखू येतो.) त्यापेक्षा 'सराव केला' हे खरं आणि पुरेसं आहे. टॅलीप्राइम फुकट डाउनलोड करून एज्युकेशनल मोडमध्ये चालवता येतं. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना नोंदी होतात, पण एका काल्पनिक कारखान्याची महिन्याभराची खरेदी-विक्री टाकून नफातोटा काढायला तेवढं पुरतं. त्यासाठी क्लासला हजारो रुपये देण्याची गरज नाही. मग पत्रातलं वाक्य असं होतं: 'टॅलीप्राइमवर एका महिन्याच्या नोंदी करून सराव केला आहे, आणि एका ओळखीच्या दुकानाच्या खरेदीची २बी शी तीन महिने जुळवणी केली आहे.' दुसरा अर्धा भाग खरा असेल तरच लिहावा. ओळखीचा दुकानदार किंवा सीए असं काम आनंदाने देतो, कारण ते सगळ्यांनाच कंटाळवाणं वाटतं.

तयार मजकुराचा आणखी एक तोटा म्हणजे तो शिळा होतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि ऑटो पार्ट्सवर सरसकट १८ टक्के झाले. आधी बऱ्याच भागांवर २८ होते. माझ्या पत्रात दरांबद्दलचं एक वाक्य होतं, ते त्याच आठवड्यात बदलावं लागलं. तेव्हापासून नियम ठेवला आहे की पत्रात दर लिहायचेच नाहीत, कामाचं नाव लिहायचं.

तारखांबद्दल. फॉरमॅटमध्ये 'सुमारे पाच वर्षं' असा शब्द आहे, तो लगेच काढावा. नोकरी पक्की झाल्यावर जुन्या नोकरीची पडताळणी होते आणि पत्रातली तारीख रिलीव्हिंग लेटरशी आणि पीएफच्या नोंदीशी ताडून पाहिली जाते. लॉकडाउनच्या काळात नोकरी सोडलेल्यांची इथे हमखास चूक होते: ऑफिसला जाणं मार्चमध्ये थांबलं म्हणून पत्रात मार्च लिहिला जातो, आणि राजीनामा जूनचा असतो. पीएफच्या सदस्य पोर्टलवर View > Service History मध्ये बाहेर पडण्याची तारीख बघावी. ती रिकामी असेल तर जुन्या कंपनीच्या मागे फिरायची गरज नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले असतील तर Manage > Mark Exit मधून आधार ओटीपी देऊन ती स्वतः भरता येते, मात्र तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली असावी लागते. भरण्याआधी रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा.

आता ती गोष्ट जिने मला सर्वाधिक चिडवलं. पैसे देऊन घेतलेल्या वर्ड फाइलच्या गुणधर्मांमध्ये विक्रेत्याने आपल्या पॅकेजचं नाव टायटल म्हणून भरून ठेवलं आहे. त्या फाइलची पीडीएफ केली की ते टायटल सोबत जातं, आणि एचआरने ती ब्राउझरमध्ये उघडली की टॅबवर तुमच्या फाइलचं नाव न दिसता त्या पॅकेजचं नाव दिसतं. म्हणजे विकत घेतलेलं पत्र आहे हे पहिल्याच क्षणी जाहीर. तिसऱ्या महिन्यापर्यंत हे कळलंच नाही; एका कंपनीतून फोनवर विचारलं तेव्हा समजलं. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: File > Info मध्ये उजवीकडे Title आणि Author हे दोन्ही रकाने स्वतःच्या नावाने भरायचे आणि पीडीएफ नव्याने काढायची. मग ती स्वतः ब्राउझरमध्ये उघडून टॅब वाचायचा. फाइलच्या नावात आपलं नाव, जागा आणि पत्राचा प्रकार एवढंच साधं ठेवायचं, उदाहरणार्थ:

```
Aadnaav_Naav_Accounts_Executive_Cover_Letter.pdf
```

विक्रेत्याला मेल केला होता, उत्तर आलं की टायटल हा त्यांच्या फाइलचा भाग आहे. पैसे परत मिळाले नाहीत.

ईमेलने अर्ज असेल तर तेच २१० शब्द मेलच्या मजकुरातही टाका, कारण अनेक जण जोडलेलं पत्र उघडतच नाहीत. कंपनीच्या पोर्टलवरच्या चौकटीत टाकताना आधी नोटपॅडमध्ये चिकटवून मग तिथे न्या. वर्डमधले बुलेट आणि तक्ते तिथे चिन्हांचा काला होऊन बसतात. या फॉरमॅटमध्ये कौशल्यांचा दोन रकान्यांचा तक्ता आहे, तो पोर्टलवर एकाखाली एक न येता उलटसुलट होतो.

फॉरमॅटमधलं आता माझ्याकडे उरलं आहे ते पत्त्याची जागा आणि शेवटची सही. बाकी चार परिच्छेद स्वतः लिहिलेले आहेत. ज्यांना घ्यायचाच असेल त्यांनी ४९९ रुपये ठेवून द्यावेत आणि त्याऐवजी एका शनिवारी सीएच्या ऑफिसात बसून एक २बी जुळवून बघावी. पत्रातलं ते एक खरं वाक्य तिथेच मिळतं.