चॅटबॉट कानाने वापरताना: काही महिन्यांनंतर

मला दिसत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए, फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर. एक चॅटबॉट (नाव राहू दे) बरेच महिने ऑफिसच्या कामासाठी वापरतेय: पत्रांचे मसुदे, परिपत्रकांचा सारांश, किरकोळ हिशेब. उत्तरं बरी असतात. मी लिहितेय ते ती कानापर्यंत कशी पोचतात त्याबद्दल.

सुरुवातीला धड पोचतच नव्हती. बॉट उत्तर तुकड्यातुकड्याने पडद्यावर टाकतो. डोळसांना ते आवडत असावं. पण उत्तराच्या चौकटीलाच aria-live="polite" लावलेलं होतं, म्हणजे तिथे काही बदललं की स्क्रीन रीडरने वाचायचं. बदल सेकंदाला कितीतरी. त्यामुळे "आपला", "आपला अर्ज", "आपला अर्ज मंजूर" असं चालायचं. वैतागून NVDA+5 दाबून आपोआप वाचणं बंद केलं, तर उत्तर पूर्ण झालं की अजून चाललंय तेच कळेना.

कंपनीला सविस्तर मेल केला. पहिल्या दुरुस्तीत त्यांनी उत्तर पुरं झाल्यावर अख्खं एकदम वाचायला लावलं. हेही गैरसोयीचंच! चार परिच्छेद सलग कानावर. मधली रक्कम निसटली म्हणून Ctrl दाबून थांबवलं, तर तिथूनच मागे जाता येत नाही. आता आहे ती रचना खरी कामाची:

```html
<div role="status" class="sr-only"></div>
<h3>उत्तर</h3>
```

वरची चौकट पान उघडल्यापासून रिकामी हजर असते. ती आयत्या वेळी घातली तर स्क्रीन रीडर बहुधा गप्प राहतो. उत्तर संपलं की तिच्यात फक्त "उत्तर आलं" एवढंच पडतं. मग मी H दाबते, उत्तराच्या शीर्षकावर जाते आणि माझ्या गतीने ओळ-ओळ वाचते. कर्सर लिहायच्या चौकटीतच राहत असल्याने आधी टायपिंगमधून वाचनाकडे वळायला NVDA+Space लागतं, तेवढं चालतं. बॉटने कर्सर आपणहून हलवला असता तर अर्धवट लिहिलेला पुढचा प्रश्न सोडून भलतीकडेच गेले असते.

माइकचं मात्र अजून पुरतं जमलेलं नाही. आधी माइक सुरू होताना टॉकबॅक "माइक सुरू" म्हणायचा आणि तेच शब्द माझ्या प्रश्नात टाइप व्हायचे. इयरफोन लावला की थांबायचं, पण रिक्षात प्रत्येक वेळी कोण लावणार? आता नुसती टिक वाजते आणि त्यानंतरच ऐकणं सुरू होतं. बोलणं थांबलं की प्रश्न आपोआप जाणंही सेटिंगमध्ये बंद करता येतं. ते मी पहिल्याच दिवशी केलं, कारण मी "साठ हजार" म्हटलं तर कधीकधी ७००० उमटतं. परत वाचून घेतलं तरी घाईत सात आणि साठ सारखेच ऐकू येतात. म्हणून टॉकबॅक "अक्षरे" या पर्यायावर ठेवून आकडा एकेक अंक करून ऐकते आणि मगच पाठवते. या पडताळणीसाठी बॉटमध्येच एक बटण हवं, असं कळवलंय; अजून तरी आलेलं नाही.