फोर्स कॉन्स्टंट १० की २०? छोट्या स्ट्रोकसाठी व्हॉइस कॉइल निवडताना

कॅटलॉगमध्ये एकाच आकाराच्या दोन व्हॉइस कॉइल शेजारी शेजारी दिसतात. एकीचा फोर्स कॉन्स्टंट १० न्यूटन प्रति अँपिअर, दुसरीचा २०. दुप्पट आकडा पाहून हात दुसरीकडे जातो, पण पैसे मोजण्याआधी रोधाचा रकाना वाचावा. पहिलीचा रोध २.५ ओहम असेल, तर दुसरीचा बहुधा १० ओहम असतो. चुंबक तेच, तांब्याची जागाही तीच. फक्त तार बारीक करून वेढे दुप्पट केलेले असतात.

फोर्स कॉन्स्टंट सांगतो तो एवढंच, की एक अँपिअरमागे किती बल मिळेल. तेवढं बल काढताना किती उष्णता होईल, हे `Km = Kf / √R` या गुणोत्तरातून कळतं. दोन्ही कॉइलींसाठी ते ६.३ येतं. म्हणजे उष्णतेच्या हिशेबात दोघी सारख्याच.

एक उदाहरण घेऊ. भिंग फोकस करणारी आडवी स्टेज आहे, कॉइलसह हलणारं वजन ३०० ग्रॅम. २ मिलिमीटर अंतर २० मिलिसेकंदांत कापायचं, मग ३० मिलिसेकंद थांबायचं. अर्धा वेळ वेग वाढवत आणि अर्धा कमी करत गेलं तर त्वरण २० मीटर प्रति सेकंदवर्ग, कमाल वेग ०.२ मीटर प्रति सेकंद आणि लागणारं बल ६ न्यूटन.

| | कॉइल अ (१०) | कॉइल ब (२०) |
|---|---|---|
| करंट | ०.६ अँपिअर | ०.३ अँपिअर |
| कमाल व्होल्टेज | ३.५ | ७ |
| सरासरी उष्णता | ०.३६ वॅट | ०.३६ वॅट |

व्होल्टेजमध्ये रोधावरचा वाटा आहेच, शिवाय कॉइल हलताना स्वतः निर्माण करते ते उलटं व्होल्टेजही आहे. एसआय एककांत फोर्स कॉन्स्टंट आणि प्रति वेग उलटं व्होल्टेज यांचा आकडा एकच असतो. म्हणून जास्त बल देणारी गुंडाळी वेगाच्या वेळी तेवढंच जास्त व्होल्टेज मागते.

हे काम २४ व्होल्टच्या ड्रायव्हरवर दोघीही आरामात करतील. पण तीच स्टेज ४ मिलिमीटर १० मिलिसेकंदांत न्यायची म्हटली तर बल ४८ न्यूटन आणि वेग ०.८ होतो. मग अ ला २० व्होल्ट पुरतात, ब ला ४० लागतात. ब मधला करंट हवा तिथे पोचतच नाही, आणि आलेखावर चाल मधेच सपाट झालेली दिसते. उलट ड्रायव्हर एकाच अँपिअरचा असेल तर अ कडून १० न्यूटनच मिळतील, ब कडून २०. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: हातात मोठ्या करंटचा कमी व्होल्टेजचा ड्रायव्हर असेल तर अ, लहान करंटचा जास्त व्होल्टेजचा असेल तर ब.

उष्णताच कमी करायची असेल तर मोठी बॉडी घ्यावी लागते. समजा, तिचा फोर्स कॉन्स्टंट २० आणि रोध ५ ओहम आहे. तेवढ्याच बलाला उष्णता निम्मी होते, पण कॉइल ६० ग्रॅमने जड असेल तर आपल्या चालीला बलही ७.२ न्यूटन लागेल. हिशेब ०.३६ वरून ०.२६ वॅटवरच थांबतो. स्टेज उभी असेल तर मोठी बॉडी घेण्याऐवजी वजन तोलणारी स्प्रिंग लावणं मला जास्त पटतं, कारण ३०० ग्रॅम नुसते धरून ठेवायलाच अ किंवा ब सतत ०.२ वॅट खाते आणि वीज गेली की भिंग खाली पडतं.

आता खरी गोची. कॅटलॉगमधला आकडा बहुधा स्ट्रोकच्या मध्यावरचा असतो. टोकाकडे कॉइलचा काही भाग चुंबकाच्या फटीबाहेर जातो आणि बल घटतं. ते १५ टक्क्यांनी घटलं तर नियंत्रणाचा गेनही तेवढाच घटतो. मध्यावर छान जुळवलेली स्टेज टोकाला रेंगाळते. टोकावर जुळवली तर मध्यावर पुढे जाऊन परतते. लक्षण असं दिसलं की आधी पीआयडीचे आकडे फिरवू नयेत. स्टेज मध्यावर आणि दोन्ही टोकांवर लोडसेलला टेकवून, दोन्ही दिशांनी अर्धा अर्धा अँपिअर देऊन बल मोजावं. दोन्ही दिशांची सरासरी घेतली की स्प्रिंगचा किंवा वजनाचा स्थिर ओढा निघून जातो. टोकाला जास्त घट दिसली तर ४ मिलिमीटरच्या कामाला ६ किंवा ८ मिलिमीटर स्ट्रोकची कॉइल घेऊन तिचा मधलाच भाग वापरावा.

ही मोजणी थंड कॉइलवर करून थांबू नये. तांबं ८० अंशांनी तापलं की रोध सुमारे ३१ टक्के वाढतो, आणि निओडिमियम चुंबक दर अंशाला साधारण ०.१ टक्का क्षीण होतो. सकाळी ठीक चालणारी स्टेज दुपारी २० ऐवजी २३ मिलिसेकंद घेऊ लागली, तर ड्रायव्हरचं व्होल्टेज कमाल मर्यादेला टेकतंय का, ते आधी ऑसिलोस्कोपवर पाहावं.