मॅनेजमेंट लेटर मालकांना समजावण्याची आमची पद्धत : आठ-नऊ महिने वापरल्यावर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल विणणारी एका कुटुंबाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. दोघे भाऊ आणि थोरल्यांचा मुलगा संचालक, हिशेबाला जुने दिवाणजी आणि हाताखाली दोन मुलं. मी आठवड्यातून दोन दिवस जाऊन खाती बघते. गेल्या सप्टेंबरात ऑडिट आटोपलं, रिपोर्ट क्लीन आला आणि पाठोपाठ मॅनेजमेंट लेटर, म्हणजे कामकाजातल्या उणिवा कळवणारं ऑडिटरचं पत्र, आलं. चौदा मुद्दे, सगळं इंग्रजीत. प्रत्येक मुद्द्याला निरीक्षण, जोखीम, शिफारस असे रकाने आणि ‘व्यवस्थापनाचे उत्तर’ हा चौथा रकाना रिकामा. तो रिकामा रकाना भरण्यासाठी आम्ही जी पद्धत बसवली, तिचा हा अनुभव.

आधी ऑडिट फर्मच्या मुलांनी प्रोजेक्टर लावून चौदाही मुद्दे वाचून दाखवले होते. उच्च, मध्यम, कमी असे लाल-पिवळे-हिरवे ठिपके होते. दिवाणजींसकट सगळा स्टाफ समोर. कुणी काही विचारलं नाही. शेवटी थोरले मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, एवढंच बोलले, “रिपोर्ट क्लीन दिलाय की. मग हे कशाला?”

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर आधी देणं गरजेचं होतं. रिपोर्ट सांगतो की ताळेबंद खरी आणि योग्य स्थिती दाखवतो. लेटर सांगतं की तो ताळेबंद ज्या रोजच्या कामातून तयार झाला, त्या कामात कुठे भगदाड आहे. भगदाड आहे याचा अर्थ तिथून कुणी काही नेलं असा होत नाही. ऑडिटचं एसए 265 हे मानक ऑडिटरला सांगतं की तपासताना नियंत्रणातली महत्त्वाची उणीव दिसली तर ती लेखी कळव. पण ऑडिटर नियंत्रणं बघतो ती आपल्याला किती तपासावं लागेल हे ठरवण्यासाठी. त्यामुळे लेटरमध्ये नाही ते सगळं ठीकच आहे, असंही मानता येत नाही. हे दुसरं वाक्य मालकांना सहसा कुणी सांगत नाही आणि मग लेटर म्हणजे पूर्ण तपासणीचा दाखला असा समज होतो.

आमची पद्धत साधी आहे. एका बैठकीत एकच मुद्दा घ्यायचा, तोही फक्त संचालकांबरोबर. लेटर बाजूला ठेवायचं आणि त्या मुद्द्याचा एक खरा व्यवहार कागदांसकट टेबलावर मांडायचा. मग विचारायचं की यात चूक झाली असती तर ती कोणाला, कधी आणि कशावरून कळली असती.

पहिला मुद्दा पेमेंटचा. लेटरमधलं वाक्य होतं की पुरवठादार मास्टर, बिल नोंद आणि बँक पेमेंट या कामांची विभागणी नाही. या वाक्यावर मालक मान डोलावून पुढे जातात. म्हणून ऑडिटरच्या नमुन्यातलंच एक पेमेंट काढलं : सूत एजंटला आरटीजीएस, 3,86,000 रुपये. बँकेच्या पोर्टलवरचा रिपोर्टही छापून घेतला. मेकरने पेमेंट टाकलं 4 वाजून 12 मिनिटांनी, चेकरने मंजूर केलं 4 वाजून 13 मिनिटांनी. मेकर दिवाणजी, चेकर अण्णा. आणि त्या दिवशी अण्णा तिरुपतीला.

अण्णा लगेच म्हणाले, “फोनवर मीच सांगितलं होतं.” खरंच होतं, आणि पेमेंटही बरोबरच होतं. मी विचारलं, “अण्णा, तुम्ही फोनवर दोन पेमेंटं सांगितली आणि तीन गेली असती, तर तिसरं कुठं दिसलं असतं?” एसएमएस बघू म्हणाले. बँकेत नोंदलेला मोबाइल कोणता, ते काढलं. ते सिम ऑफिसच्या जुन्या फोनमध्ये आणि तो फोन दिवाणजींच्या ड्रॉवरमध्ये, कारण ओटीपी त्याच्यावर येतो. बँक स्टेटमेंट कोण डाउनलोड करतं? दिवाणजी. ताळमेळ कोण घालतं? दिवाणजी. धाकटे मालक इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, “म्हणजे आपण दोघं यात कुठं न्हाईच की.” लेटरमधल्या रकान्याचा अर्थ त्यांना तिथे लागला.

यानंतर नेहमीची अडचण आली, विश्वासाची. दिवाणजी त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचे, त्यांच्यावर संशय घ्यायचा का? इथे एक गोष्ट ठामपणे सांगावी लागते. ही व्यवस्था दिवाणजींनाच जास्त धोक्याची आहे, कारण उद्या एक पेमेंट चुकीच्या खात्यात गेलं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाचा हात दिसेल. दिवाणजींना मी नंतर वेगळं बसून हे दाखवलं, तर ते म्हणाले, “मॅडम, खाते नंबरात एक आकडा चुकला तर मी कुणाकडं बोट दाखवू? किल्ली मालकांकडं जाऊ दे.” बैठकीला स्टाफ नको म्हणते ते यासाठी. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर हाच मुद्दा आरोपासारखा ऐकू आला होता.

ऑडिटरची शिफारस होती की प्रत्येक कामाला वेगळा माणूस नेमा. एवढ्याशा ऑफिसात ते होत नाही आणि करायची गरजही नाही. जिथे माणसं वाढवता येत नाहीत तिथे मालकाचा हात योग्य जागी लागला तरी बरंच साधतं. आम्ही तीन जागा ठरवल्या. चेकरचा लॉगिन आणि ओटीपीचा नंबर अण्णांच्या स्वतःच्या फोनवर. नवीन खातं जोडायचं किंवा जुन्या पुरवठादाराचा खाते नंबर बदलायचा तर थोरल्यांचा मुलगा जुन्या बिलावरच्या नंबरला फोन करून खात्री करणार, बदल कळवणाऱ्या मेलमधल्या नंबरला नाही. आणि बँक स्टेटमेंट थेट अण्णांच्या मेलवर, दर सोमवारी पेमेंटच्या यादीशी टिक.

इतक्या महिन्यांत यातून काय हाती लागलं? अफरातफर वगैरे काही नाही. सोमवारच्या टिकमध्ये अण्णांना एकाच पार्टीला तीच रक्कम दोनदा दिसली. टॅलीत एक बिल 417 नंबरने चढलेलं, तेच पुन्हा 0417 नंबरने. नोंदणारी मुलं वेगळी, एकदा बिलावरून आणि एकदा व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून. सॉफ्टवेअरच्या लेखी हे दोन वेगळे नंबर, त्यामुळे इशारा आला नाही. पार्टीने पुढच्या बिलात रक्कम वळती केली. आता जीएसटी पोर्टलच्या 2बीशी, म्हणजे पुरवठादारांनी तिथे चढवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवणी झाल्याशिवाय बिलाचं पेमेंट यादीत येत नाही, कारण तिथे बिल एकदाच दिसतं.

आणि मोडलं कुठे? जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेत. त्या आठवड्यात अण्णा घरात, पाहुण्यांत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत. मंजुरीला पेमेंटं साठली, डाईंगवाल्याचा तगादा लागला आणि “चारच दिवस” म्हणत पासवर्ड फोनवरून दिला गेला. पोर्टलच्या रिपोर्टमध्ये पुन्हा एका मिनिटाच्या आतल्या मंजुऱ्या. मला वाईट वाटलं नाही, उलट एक फरक समजवायला आयतं उदाहरण मिळालं. सप्टेंबरची उणीव रचनेतली होती, म्हणजे नियंत्रणच नव्हतं. जानेवारीची अंमलबजावणीतली होती, नियंत्रण होतं पण पाळलं नाही. पहिलीवर उपाय म्हणजे नियम बसवणे. दुसरीवर आणखी एक नियम बसवून काही होत नाही, नियम का मोडला ते शोधावं लागतं. इथे कारण उघड होतं, चेकर एकच. बँकेत अर्ज देऊन मुलालाही चेकर केलं, दिवसाच्या मर्यादेसह. लेटर वाचताना प्रत्येक मुद्द्यापुढे हे दोनपैकी कोणतं, एवढं पेन्सिलने लिहिलं तरी अर्धी चर्चा वाचते.

दुसरा मोठा मुद्दा डाईंगला गेलेल्या सुताचा. ऑडिटर म्हणाले होते की प्रोसेसरकडच्या, म्हणजे डाईंगवाल्यांकडच्या, मालाचे शिल्लक दाखले नाहीत. यावर मालकांचं म्हणणं, “सगळे ओळखीचे आहेत.” इथेही एक चलन काढलं : 500 किलो कोरं सूत गेलं, 468 किलो रंगवून आलं, म्हणजे 6.4 टक्के घट. ही जास्त का कमी? कुणालाच सांगता येईना, कारण सुताच्या कोणत्या काउंटला, म्हणजे जाडीला, नि कोणत्या शेडला किती घट धरायची हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. मग शिल्लक दाखला मागून तरी काय जुळवणार? पुढे वजनातली गोम धाकट्या मालकांनीच सांगितली. कापसाच्या सुताला ओल धरायची सवय, प्रमाण म्हणून साडेआठ टक्के ओलावा धरतात. नीट न वाळवता आलेलं सूत गेटवर वजनात भरतं आणि खरी घट झाकली जाते. आता निवडक लॉटचं वजन गेटवर आणि दुसऱ्या दिवशी असं दोनदा करतो. हे ऑडिटरच्या शिफारशीत नव्हतं, असायचं कारणही नाही. व्यवहार टेबलावर मांडला म्हणून मालक स्वतः बोलले.

उत्तराच्या रकान्याबद्दल एक सूचना. “मान्य, कार्यवाही करू” लिहू नका. कोण, कधीपर्यंत आणि पुरावा काय, हे लिहा. पुढच्या वर्षी ऑडिटर आधी जुनं लेटर उघडतो आणि महत्त्वाची उणीव विनाकारण तशीच पडून असेल तर तेही स्वतंत्र उणीव समजली जाऊ शकते. मात्र शिफारस नाकारता येते. आम्हाला अंतर्गत ऑडिटर नेमायला सांगितलं होतं. प्रायव्हेट कंपनीला ते सक्तीचं होतं 200 कोटी किंवा जास्त उलाढालीला, किंवा बँकांचं कर्ज 100 कोटींवर गेल्यावर. आम्ही त्याच्या आसपासही नाही. आम्ही लिहिलं की सध्या नेमणार नाही, त्याऐवजी मालकांची सोमवारची तपासणी, सह्यांची यादी फाइलला आहे. ऑडिटरनी ते मान्य केलं.

पद्धतीतली खोट म्हणजे वेळ. एका मुद्द्याला तास-दीड तास जातो, त्यामुळे चौदापैकी पाचच असे झाले. उरलेले, पेटी कॅश व्हाउचरवर सही नसणे वगैरे, मी दोन पानांच्या मराठी टिपणात उरकले आणि ते कुणी नीट वाचलं असेल असं वाटत नाही. जिथे तीन-चार भाऊ वेगवेगळे विभाग बघतात आणि आपसात बोलणं कमी, तिथे ही पद्धत जड जाईल. एकाच्या विभागाचा व्यवहार टेबलावर आला की त्याला तो आपल्यावरचा हल्ला वाटतो. अशा ठिकाणी प्रत्येक विभागाचा एकेक व्यवहार एकाच दिवशी काढावा.

नवं ऑडिट आता सुरू होतंय. पेमेंटचा मुद्दा सुटला असं लिहून घेता येईल, पण जानेवारीच्या आठवड्यासकट. सुताचा अर्धाच सुटलाय : दोन डाईंगवाले 31 मार्चचा दाखला सही-शिक्क्यानिशी देतात, तिसरा अजून “माल बघून जावा की” म्हणतो. यंदा मोजायला मुलालाच पाठवलंय.