‘ओरिजिनल कॅमेरा फाइल’ म्हणून फुगवलेला फोटो विकतात, पैसे द्यायच्या आधी हे तपासा

कॅनव्हास प्रिंट, फ्रेमिंगचं काम करणाऱ्यांनी आणि घरात मोठा फोटो लावायचा म्हणून कुणाकडून फाइल विकत घेणाऱ्यांनी जरा वाचा.

माझ्याकडून प्रिंट करून घेणाऱ्या एका डॉक्टरांना वेटिंग रूमसाठी दिवे घाटातल्या वारीचा फोटो हवा होता, पाच फूट रुंद कॅनव्हासवर. ऑनलाइन ओळख झालेल्या एकाने ‘माझ्याच कॅमेऱ्यातली ओरिजिनल फाइल आहे, कितीही मोठी काढा’ म्हणून ३५०० रुपयांना मला फोटो दिला. साइज ६४०० बाय ४२६४. पाच फुटांना इंचाला शंभरेक पिक्सेल बसतात, म्हणजे कॅनव्हाससाठी भरपूर. स्क्रीनवर पूर्ण फोटो बघितला तर एकदम कडक दिसत होता, पताका तर सुरीने कापल्यासारख्या. प्रिंट गेली, आणि डॉक्टर जवळ जाऊन बघतात तर म्हणे, ‘अहो, या माणसांना तोंडं का नाहीत?’

खरंच नव्हती. पुढचे चार-पाच वारकरी ठीक, पण त्यांच्या मागे दिंडीतल्या माणसांच्या चेहऱ्यांच्या जागी मेणासारखे गोळे, आणि घाटाच्या उतारावरचं गवत म्हणजे हिरवा चिखल. विक्रेत्याला विचारलं तर ‘तुमचा प्रिंटर खराब आहे’. मग म्हटलं भांडण्याआधी फाइलच तपासू.

इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लॅबवाले वापरतात, त्यात फोटोचा एफएफटी काढता येतो. एफएफटी म्हणजे फोटोत किती जाड आणि किती बारीक तपशील आहे त्याचा नकाशा समजा, मधोमध जाड गोष्टी (आकाशाचा रंग, डोंगराचा आकार), आणि जसजसं कडेला जाल तसतसा बारीक तपशील, अगदी कडेला दोन पिक्सेलला एक चढउतार, त्याहून बारीक काही डिजिटल फोटोत मावतच नाही. आख्ख्या फोटोचा काढू नका, काही कळत नाही. फोकसमधला, भरपूर टेक्स्चर असलेला १०२४ बाय १०२४ चा चौकोन सिलेक्ट करा (मी उतारावरचं गवत घेतलं) आणि `Process > FFT > FFT`. खऱ्या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये मधून बाहेर हळूहळू विरत जाणारा उजेड दिसतो, चांगली लेन्स असेल तर जवळजवळ कडेपर्यंत. माझ्या फाइलमध्ये मधोमध एक उजळ ठिपका आणि तो साधारण २५६ पिक्सेल रुंदीत एकदम खलास, बाहेर काळोख. माउस त्या हद्दीवर नेला की खाली `r=` च्या पुढे आकडा येतो, एका चढउताराला किती पिक्सेल लागतात तो, तिथे ८ च्या आसपास येत होता. आता हिशोब सोपा आहे, शक्य तेवढं बारीक म्हणजे २, इथे तपशील ८ लाच संपतोय, ८ भागिले २ म्हणजे फोटो चारपट फुगवलाय. ६४०० भागिले ४ बरोबर १६००, आणि व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण तेवढीच उरते. फाइल कुठून आली असेल ते तुम्हीच ओळखा!

एक सांगून ठेवतो, एफएफटीत मधून उभी-आडवी जाणारी पांढरी फुली दिसली तर घाबरू नका, ती चौकोन कापल्यामुळे येते, खऱ्या फाइलमध्येही असते.

पण इथे एक गोची आहे. साध्या बायक्युबिकने, म्हणजे नुसता ताणून, मोठा केलेला फोटो या एका टेस्टमध्ये सापडतो, एआय अपस्केलरने केलेला सहज सापडत नाही, कारण तो बारीक तपशील स्वतः बनवून घालतो. मी पताकेजवळचा चौकोन घेऊन एफएफटी काढला तर तिथे उजेडाचे पट्टे थेट कडेपर्यंत! म्हणजे एकाच फोटोत, जवळपास सारख्याच अंतरावर, पताकेला पूर्ण तपशील आणि गवताला पाव. लेन्स असा भेदभाव करत नाही. एक चौकोन बघून थांबला असतात तर फसला असतात, म्हणून निदान दोन वेगळ्या जागा तपासा, एक ठळक कडेची आणि एक टेक्स्चरची, दोन्ही सारख्याच फोकसमधल्या.

कडांचंही तेच. पताकेची कड ओलांडणारी छोटी रेघ ओढून `Analyze > Plot Profile` केलं की भगव्यापासून आकाशापर्यंतचा उतार ग्राफमध्ये दिसतो. शार्प कॅमेरा फाइलमध्ये तो दोन-तीन पिक्सेलमध्ये उतरतो. नुसता चारपट ताणलेला असेल तर आठ-दहा पिक्सेल लागतात आणि वरून शार्पन केलं असेल तर बाजूला रुंद पांढरी किनार. माझ्या फाइलमध्ये भगवा आणि उजळ आकाश असा ठळक फरक होता तिथे उतार दीड-दोन पिक्सेलचा, झक्कास, पण तीच पताका पुढे मागच्या तांबूस डोंगरावर येते, फरक कमी होतो, तिथे त्याच कापडाची तीच कड एकदम दहा पिक्सेल पसरलेली. खऱ्या लेन्सला कड किती ठळक आहे याच्याशी देणंघेणं नसतं, ग्राफची उंची कमी होईल पण रुंदी तेवढीच राहते. अपस्केलर ठळक कडा ओळखून कोरतो आणि पुसट दिसल्या की सोडून देतो.

आता उगाच कुणावर आरोप करू नका म्हणून सांगतो, धुकं, हललेला हात, आउट ऑफ फोकस भाग यांचाही एफएफटी बाहेर काळाच येतो. मोबाइलमध्ये नॉइज रिडक्शन जोरात असतं आणि ते पुसट टेक्स्चर पुसून ठळक कडा ठेवतं, त्यामुळे मोबाइलच्या अस्सल फोटोतही थोडाफार हाच प्रकार दिसतो, ५० मेगापिक्सेल मोडमध्ये तर जास्तच. पण इथे विकणारा डीएसएलआरची फाइल म्हणून विकत होता.

हे सगळे स्क्रीनशॉट पाठवले तर गडी शांत. मग ‘चुकून एडिट केलेली गेली, ही घ्या खरी’ म्हणून दुसरी फाइल. तिचा एफएफटी कोपऱ्यापर्यंत भरलेला! क्षणभर वाटलं आपणच उगाच बोललो. नीट बघितलं तर मधला जुना उजळ ठिपका तसाच, त्याच ८ वर थांबणारा, आणि त्याच्या बाहेर सगळीकडे सारखीच राखाडी चादर, विरत जाणं वगैरे काही नाही. वरून ग्रेन, म्हणजे नकली दाणेदारपणा, मारलं होतं. आकाशाचा एक सपाट तुकडा आणि काळ्या घोंगडीच्या सावलीतला एक तुकडा घेऊन `Analyze > Measure` मध्ये `StdDev`, म्हणजे तिथे नॉइज किती आहे ते, बघितलं (तो रकाना नसेल तर `Set Measurements` मधून चालू करा), दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आकडा. कॅमेऱ्याचा नॉइज उजेडाप्रमाणे बदलतो, आकाशात आणि गडद सावलीत एकसारखा बसत नाही.

मग सरळ रॉ फाइल मागितली. ‘रॉ डिलीट झाली.’ बरं, म्हटलं त्याच वेळचा आधीचा-नंतरचा एखादा फ्रेम दाखवा, वारीत कुणी एकच फोटो काढून घरी जात नाही. त्यावर ब्लॉक. एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबत येणाऱ्या माहितीत, कॅमेऱ्याचं नाव, लेन्स, शटर सगळं व्यवस्थित होतं बरं का, ते एका फाइलमधून दुसरीत एका कमांडने चिकटवता येतं, त्यामुळे त्यावर मी आता अजिबात जात नाही. आगाऊ पैसे मागणाऱ्याकडून फोकसमधल्या टेक्स्चरचा आणि पुसट कडेचा असे दोन १०२४ चे तुकडे शंभर टक्क्यांवर कापून मागवतो, पीएनजीमध्ये, आणि कुठले तुकडे ते मी सांगतो, त्याने निवडलेले नाही.

३५०० गेले ते गेले, सायबरच्या १९३० वर तक्रार नोंदवली आहे, डॉक्टरांना प्रिंटचे पैसे परत दिले.