ताप नाही, पण आजी अचानक बरळू लागल्या: उद्या बघायचं की आजच न्यायचं?

थकलेलं माणूस कालपासून असंबद्ध बोलतंय किंवा बाथरूमला जाताना पडलंय, आणि थर्मामीटर ९९ दाखवतोय. घरात लगेच दोन मतं होतात. एक म्हणतं, वय झालंय, उद्या बघू. दुसरं म्हणतं, आत्ताच डॉक्टरांकडे नेऊ.

म्हातारपणी संसर्ग ताप न येताही नुसत्या गोंधळातून दिसू शकतो. म्हणून निवाडा करायचा तो किती वेळात बिघडलं यावरून. स्मृतिभ्रंशाचा विसराळूपणा सहसा महिने-वर्षं घेत वाढतो. संसर्गाने होणारा गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उभा राहतो आणि दिवसभर कमी-जास्त होत राहतो. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. नेहमी जमणारं आज मध्येच तुटलं, तर लक्ष टिकत नाहीये. आधीच स्मृतिभ्रंश असेल तर तुलना गेल्या आठवड्यातल्या त्यांच्याशीच करा. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. गुंगीत पडून राहणारी, जेवण नको म्हणणारी आजी मात्र ‘शांत झोपलीय’ म्हणून सुटून जाते. मला जास्त भीती तिचीच वाटते.

समजा, ८२ वर्षांच्या आजींचं नेहमीचं तापमान ९७ आहे. मग ९९ म्हणजे दोन अंशांची वाढ, आणि या वयात ती ताप म्हणूनच धरतात. नाडी ७२ आहे, पण त्या रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतात. ही गोळी नाडी संथ ठेवते, म्हणून ती वाढलेली दिसेलच असं नाही. वरचा रक्तदाब एरवी १५०, आज ११०. आकडा चांगला दिसतो, पण त्यांच्यासाठी तो घसरलेला आहे. आता पूर्ण मिनिटभर श्वास मोजा: २८, म्हणजे बरेच जास्त. खोकला जवळपास नाही, तरी हे चित्र न्यूमोनियाचं असू शकतं. यांना आजच न्यायचं.

‘उद्या’ महाग पडतं, कारण दुर्बल शरीरात राखीव ताकद थोडी असते. गोंधळात पाणी पोटात जात नाही, रक्तदाब आणखी उतरतो, मूत्रपिंडं थकतात. ताप येईल तेव्हा नेऊ म्हटलं, तर तो न येताच सेप्सिस होऊ शकतो, म्हणजे संसर्गामुळे अवयवच बिघडू लागतात.

आज नेण्यातही एक फसगत आहे. वृद्ध स्त्रियांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. तेवढ्या रिपोर्टवर ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणून गोळ्या सुरू झाल्या, तर छातीतला न्यूमोनिया तसाच राहतो. लघवीला जळजळ नसेल, तर छाती तपासली का आणि एक्स-रे लागेल का, हे विचारा. पडताना डोक्याला मार लागला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही सांगा. मधुमेह असेल तर निघण्याआधी साखर तपासा. ती उतरल्यानेही असाच गोंधळ होतो. मनाने झोपेची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल दिलं असेल तर वेळ सांगा, कारण त्याने ताप झाकला जातो. आणि डॉक्टरांना ‘वयामुळे गोंधळतात’ असं न म्हणता ‘परवा स्वतःच्या हाताने जेवत होत्या, आज मला ओळखत नाहीत’ असं सांगा.