एकच गोदाम की तीन डेपो? इंदूरच्या मसाल्यावरून समजलेलं गणित

वितरणाच्या पेपरात हा प्रश्न या ना त्या रूपात असतोच: सगळा साठा एका मध्यवर्ती गोदामात ठेवावा, की बाजारपेठेजवळ डेपो उघडावेत? इंदूरहून ग्वाल्हेर आणि जबलपूरला गोडा मसाला पाठवणाऱ्या आमच्या घरच्या धंद्यात मी दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या आहेत. माझा कल एका गोदामाकडे आहे, पण तो का, हे आकड्यांतूनच कळेल. वाहतूक, गोदाम आणि साठा म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

उत्तराचा पाया एका सूत्रात मावतो:

D = T + FW + VW + S

D म्हणजे वितरणाचा एकूण खर्च, T म्हणजे वाहतूक. FW हा गोदामाचा ठरलेला खर्च आणि VW म्हणजे साठ्याबरोबर कमीजास्त होणारा खर्च. S म्हणजे माल उशिरा पोचल्यामुळे हातची गेलेली विक्री. कुठलाही एक आकडा खाली आणला की दुसरा वर सरकतो, म्हणून बेरीज बघायची. १९५६ साली हार्वर्डमध्ये लुईस, कलिटन आणि स्टील यांनी विमान वाहतुकीचा अभ्यास करून हेच मांडलं होतं. विमानाचं भाडं जास्त असलं तरी डेपो आणि साठा कमी झाला तर एकूण खर्च कमी होऊ शकतो.

आता आकडे घेऊ. ते परीक्षेसाठी सोपे केलेले आहेत, पण धंद्यातला तोल त्यांत उतरलेला आहे. इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूर या प्रत्येक ठिकाणी आठवड्याला सरासरी १०० पेट्या खपतात. मागणी त्याच्या आजूबाजूला हलते, प्रमाण विचलन ३० पेट्या. माल भरून यायला एक आठवडा लागतो आणि आपल्याला ९५ टक्के वेळा माल शिल्लक हवा आहे, म्हणजे गुणक १.६५. पेटीची किंमत २,००० रुपये.

तीन डेपो असतील तर प्रत्येकाला स्वतःपुरता सुरक्षा साठा, म्हणजे मागणी अचानक वाढली तर हाताशी राखलेला माल, लागतो: १.६५ × ३०, म्हणजे सुमारे ५० पेट्या. तिन्ही मिळून १५०. सगळं इंदुरात ठेवलं तर तिन्ही शहरांची चढउतार एकमेकांत मुरते. एकत्रित विचलन ९० होत नाही, ३० गुणिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे ५२ होतं. साठा लागतो ८६ पेट्यांचा. ६४ पेट्या वाचल्या, म्हणजे १,२८,००० रुपये मोकळे झाले. त्यावर व्याज, विमा आणि खराबी मिळून वर्षाला २० टक्के धरले तर बचत २५,६०० रुपयांची. इथे मुलं एक घोळ करतात: गोदामाचं भाडं वेगळं मोजलं असेल तर ते या टक्केवारीत परत घालायचं नाही.

वाहतुकीत मात्र डेपो जिंकतात. इंदूरहून ग्वाल्हेर काय किंवा जबलपूर काय, रस्ता साधारण ५०० किलोमीटरचा. पूर्ण गाडी भरून डेपोत माल टाकला आणि तिथून दुकानांत वाटला तर पेटीमागे ११५ रुपये पडतात असं समजू. इंदूरहून थेट दुकानदारांच्या नावाने फुटकर माल ट्रान्सपोर्टला दिला तर १३०. दोन शहरांच्या वर्षभराच्या १०,४०० पेट्यांवर पंधरा रुपयांचा फरक म्हणजे १,५६,००० रुपये. पण दोन डेपोंचं भाडं महिन्याला ८,००० प्रत्येकी, म्हणजे वर्षाला १,९२,००० रुपये. भाडं आणि साठा मिळून डेपोंचा जादा खर्च २,१७,६०० झाला. वाहतुकीतली बचत वजा केली की एक गोदाम ६१,६०० रुपयांनी स्वस्त ठरतं.

बहुतेकांचं उत्तर इथेच थांबतं, आणि S राहून जातो. पेटीमागे नफा ३०० रुपये असेल तर ६१,६०० रुपये म्हणजे २०५ पेट्या. त्या दोन शहरांतल्या विक्रीच्या जेमतेम दोन टक्के. माल डेपोतून त्याच दिवशी मिळण्याऐवजी तीन दिवसांनी मिळतो म्हणून दोन टक्क्यांहून जास्त गिऱ्हाईक तुटत असेल, तर डेपोच बरे. हा समतोलाचा बिंदू उत्तरात लिहिलात तर तपासणाऱ्याला कळेल की तुम्हाला प्रश्न समजला आहे.

मला कौल द्यायला लावला तो मात्र या बेरजेबाहेरच्या एका त्रासाने. माल असायचा, पण हवा तिथे नसायचा. ग्वाल्हेरच्या डेपोत पेट्या पडून, जबलपूरचा दुकानदार रोज फोन करतोय आणि इंदुरात पुढचा घाणा अजून भाजायचाच आहे. मग ग्वाल्हेरचा माल जबलपूरला हलवायचा: डिलिव्हरी चलान, पुन्हा भाडं, पुन्हा दोन्हीकडची हमाली. एकाच राज्यात, एकाच जीएसटी नोंदणीखाली असल्याने कर लागत नाही, एवढंच समाधान. त्यात गोड्या मसाल्यात खोबरं. महिनोन्महिने उन्हाळ्याच्या गोदामात राहिलेली पेटी उघडली की खवट वास येतो, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या बायका तो वास चुकवत नाहीत. असा माल परत आला की वीस टक्क्यांतली खराबी फार किरकोळ वाटते. तीन ठिकाणी साठा म्हणजे तीन ठिकाणी जुना माल तळाशी राहण्याची सोय. एका गोदामात आधी बनलेला माल आधी निघतोय का, हे मी स्वतः फेरी मारून बघतो. याचं मोजमाप माझ्याकडे नाही, पण कटकट कमी झाली हे नक्की.

वर्गमुळाच्या नियमाची एक अट मात्र लक्षात ठेवा, कारण धंद्यात ती मोडते. तिन्ही ठिकाणची मागणी एकमेकींपासून स्वतंत्रपणे हलत असेल तरच ५२ हा आकडा येतो. गणपती आणि दिवाळी तिन्ही गावांत एकाच वेळी येतात. त्या आठवड्यांत मागणी सगळीकडे एकदम चढते, विचलनं सरळ बेरजेने ९० होतात आणि एका गोदामालाही जवळजवळ १५० पेट्याच लागतात. सणाच्या तोंडावर साठ्यातली बचत संपते, आणि आमचा निम्मा ताण नेमका त्याच दिवसांत असतो. आमच्याकडे मग श्रावणातच जादा घाणे काढावे लागतात. शिवाय हा नियम सुरक्षा साठ्याचा आहे, रोजच्या खपासाठी फिरत्या साठ्याला तो आंधळेपणाने लावू नका.

डेपोवाल्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. एक लाखाचा माल पन्नास दुकानांत रोज थोडाथोडा जात असेल, किंवा शेजारच्या दुसऱ्या कंपनीचा मसाला दुकानदाराच्या हाताशीच असेल, तर तीन दिवस कोण थांबेल? बिस्किटं, साबण यांसारख्या मालात तर बहुधा डेपोच योग्य. गोड्या मसाल्याचं गिऱ्हाईक ठरलेल्या चवीला धरून असतं, दुकानदारही आठवड्याची मागणी आधी कळवतो. म्हणून आम्हाला एक गोदाम परवडलं.

मधला मार्गही आहे, आणि पेपरात तो लिहिण्यासारखा आहे. सगळ्या मालाला एकच निर्णय लावायची गरज नाही. सर्वांत जास्त खपणारं छोटं पाकीट ग्वाल्हेरच्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडे ठेवायला दिलं, तर भाड्याची बांधिलकी राहत नाही आणि रोजची तातडीची मागणी तिथल्या तिथे भागते. हळू खपणारी मोठी पाकिटं आणि सणाचे खास मसाले इंदुरातच ठेवायचे, कारण त्यांचीच मागणी सर्वांत जास्त हलते आणि खवटही तीच आधी होतात.