फोर-के मॉनिटर, लिनक्स मिंट आणि तीन मापांची अक्षरं: सात महिन्यांनंतर

खानापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, अर्ज, आणि यातलं निम्मं काम मराठी-कन्नड दोन्ही लिप्यांत. जूनमध्ये २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला आणि जुन्या विंडोजशेजारी लिनक्स मिंट टाकलं. डेस्कटॉप २०० टक्क्यांवर ठेवला. जोडाक्षरं, रफार, कन्नडची ओत्ताक्षरं इतकी स्वच्छ दिसतात की प्रूफ वाचायला डोळे ताणावे लागत नाहीत. मॉनिटरबद्दल एवढंच पुरे, कारण सात महिने मला छळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. त्यामुळे मशीन दिवसातून तीन-चार वेळा नव्यानं चालू व्हायचं आणि एरवी दुर्लक्षिली जाणारी सुरुवातीची दृश्यं मला पाठ झाली. आधी विंडोज की मिंट विचारणारा ग्रबचा मेनू, त्यात मुंगीएवढी अक्षरं. मग लॉगिनचा पडदा, तोही बारीक. आणि पासवर्ड टाकला की डेस्कटॉप एकदम ठीक. सकाळी दुकान आप्पा उघडतात, वय ७२. त्यांना मेनूत काही वाचता यायचं नाही. दहा सेकंद उलटले की मिंट आपोआप सुरू व्हायचं आणि त्यांना हवं असायचं विंडोज. "काय लिवलंय काय दिसंना झालंय बघ," ही रोजची तक्रार.

ऑगस्टमध्ये ते म्हणाले, "टीव्ही मागनं लावला की अक्षरं मोठी येतात." मॉनिटरला ते टीव्हीच म्हणतात. मी हसण्यावारी नेलं. पण त्यांचं बरोबर होतं, आणि सगळा उलगडा त्यातूनच झाला.

बहुतेक मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांतून एक माहितीचं पान उघडतं. त्यावर केबलमधून या क्षणी किती रिझोल्यूशन येतंय ते दिसतं. माझ्या मते या विषयात याहून प्रामाणिक साक्षीदार नाही, कारण ते कुठल्याही सॉफ्टवेअरवर विसंबून नसतं. मी ते पान प्रत्येक टप्प्यावर उघडून पाहिलं. नेहमीच्या पद्धतीनं चालू केल्यावर मेनूच्या वेळी ३८४० × २१६०. मॉनिटरची वीज बंद ठेवून आधी मशीन चालू केलं आणि पाच सेकंदांनी मॉनिटर लावला, तर मेनूच्या वेळी १०२४ × ७६८, आणि चित्र आडवं ताणलेलं.

कारण असं. मेनूच्या वेळी ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. पडद्यावर जे दिसतं ते मदरबोर्डाच्या फर्मवेअरच्या जोरावर, आणि त्याच्याकडे रिझोल्यूशनची ठरावीक यादी असते. मॉनिटर स्वतःची ओळख, म्हणजे ईडीआयडी, केबलमधून कळवतो. ती वेळेत मिळाली तर फर्मवेअर आणि ग्रब मॉनिटरचं पूर्ण रिझोल्यूशन घेतात. मॉनिटर मेलेला असेल तर ओळखच मिळत नाही आणि सुरक्षित म्हणून छोटं माप धरलं जातं.

अक्षर मात्र दोन्ही वेळा तेवढंच असतं. ग्रबचा नेहमीचा फॉन्ट १६ पिक्सेल उंचीचा आणि २७ इंची पडद्याची उंची सुमारे ३३६ मिलिमीटर. २१६० ओळींत ती वाटली तर १६ पिक्सेल म्हणजे अडीच मिलिमीटर. ७६८ ओळींत वाटली तर तेच १६ पिक्सेल सात मिलिमीटर. आप्पांच्या चष्म्याला यातलं दुसरंच परवडतं.

मग ठरवलं, माप नशिबावर सोडायचं नाही. मेनूत `c` दाबून `videoinfo` लिहिलं की फर्मवेअरची यादी दिसते, आणि चालू मापापुढे चांदणी असते. (सेटिंगच्या फाइलमधली टीप अजून `vbeinfo` वापरायला सांगते, ती जुन्या बायोसच्या काळातली.) मला १२८० × ७२० हवं होतं, ते यादीत नव्हतं. १०२४ × ७६८ होतं, पण ते चौकोनी प्रमाणाचं, म्हणून रुंद पडद्यावर ताणलं जातं. १९२० × १०८० होतं. त्यात अक्षर पाच मिलिमीटरचं होतं आणि प्रमाणही बिघडत नाही. `/etc/default/grub` मध्ये मी हे लिहिलं:

```
GRUB_GFXMODE=1920x1080,auto
GRUB_GFXPAYLOAD_LINUX=keep
```

आणि नंतर:

```
sudo update-grub
```

ही शेवटची आज्ञा विसरलात तर काहीच बदलत नाही. मी पहिल्यांदा विसरलो आणि अर्धा तास फाइललाच दोष देत बसलो. एक फायदा अनपेक्षित मिळाला: फोर-केमध्ये मेनूतली पट्टी वरखाली करताना अडखळायची, कारण पिक्सेल चौपट आणि ते रंगवायला ड्रायव्हर नाही. आता ती चटकन सरकते.

दुसऱ्या ओळीतल्या `keep` चा अर्थ, ग्रबनं लावलेलं माप कर्नलनं तसंच पुढे न्यावं. फर्मवेअरचं हे माप बदलण्याचं काम कर्नल सुरू होण्याआधीच करता येतं. एकदा कर्नलनं ताबा घेतला की फर्मवेअरचा तो दरवाजा बंद होतो, आणि खरा ड्रायव्हर येईपर्यंत पडदा आहे त्या मापात अडकतो. निपाणीतल्या एका मित्राचा डेस्कटॉपच १०२४ × ७६८ च्या वर जात नव्हता. मशीन बसवणाऱ्यानं बूटच्या ओळीत `nomodeset` तसंच ठेवलं होतं, म्हणजे खऱ्या ड्रायव्हरला आत येऊच दिलं नव्हतं. तो शब्द काढला आणि प्रश्न मिटला.

एवढं करूनही लॉगिनचा पडदा बारीकच राहिला. इथे मी महिनाभर चुकीच्या जागी खणत होतो, कारण दुखणं एकच आहे असं धरून चाललो होतो. मॉनिटरच्या पानानं पुन्हा सांगितलं: लॉगिनला ३८४० × २१६०, डेस्कटॉपलाही ३८४० × २१६०. म्हणजे तोवर ड्रायव्हर आलेला आहे, रिझोल्यूशन बरोबर आहे. कमी आहे ते दुप्पट मोठं करणं. माझं २०० टक्क्यांचं सेटिंग माझ्या खात्यात साठवलेलं, आणि लॉगिनचा पडदा चालतो `lightdm` नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावानं. त्याला माझ्या आवडीनिवडी कुठून कळणार? स्वतःहून अंदाज घेण्याची सोय त्यात आहे, पण २७ इंचात फोर-के म्हणजे इंचाला सुमारे १६३ ठिपके, आणि माझ्या यंत्रावर तेवढी दाटी त्याला पुरेशी वाटली नाही. तेवढ्याच रिझोल्यूशनचा लहान पडद्याचा लॅपटॉप असता तर कदाचित मला हे कळलंही नसतं. मिंटमधल्या 'Login Window' या सेटिंगमध्ये HiDPI चा पर्याय आपोआपवरून चालू केला. `/etc/lightdm/slick-greeter.conf` मध्ये तो असा दिसतो:

```
[Greeter]
enable-hidpi=on
```

याला किंमत एकच पडली. मेनू १०८० मध्ये आणि पुढचं सगळं फोर-केमध्ये, म्हणून ड्रायव्हर माप बदलतो तेव्हा पडदा दीडेक सेकंद काळा होतो. पूर्वी मेनूपासूनच फोर-के असल्यानं हा झटका जाणवत नव्हता. मदरबोर्डाचा सुरुवातीचा लोगो मात्र आजही मॉनिटर आधी लावला की मागून लावला यावर लहानमोठा होतो. तो ग्रबच्याही आधीचा, तिथे माझ्या फाइलचा हात पोहोचत नाही.

आप्पा आता विंडोज स्वतः निवडतात. फक्त पडदा काळा झाला की त्यांना वाटतं पुन्हा लाइट गेली, आणि ते आधी पंख्याकडे बघतात.